एकवीस माणकं

शहाद्याच्या बाजारात माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. एका दुपारी तापीकाठच्या गावचं एक वयस्क जोडपं आलं. त्यातले बाबा साखर कारखान्याच्या फाटकावरून निवृत्त झालेले. त्यांचं ऑटोमॅटिक घड्याळ सारखं बंद पडत होतं, पण आजी बोलल्या त्या वेगळंच.

"यामा एकवीस माणकं शेतस. काढी दे, सूनासले वाटी देसू."

तबकडीवर 'एकवीस ज्वेल्स' छापलेलं होतंच. मी मागचं झाकण उघडलं आणि भिंग आजींच्या हाती दिलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"हाई ते खसखस शे."

मी म्हटलं, माणिकच आहे, पण कारखान्यात बनवलेलं. चाकांच्या आसांची टोकं त्याच्या छिद्रात फिरतात. माणिक कडक आणि गुळगुळीत असतं, म्हणून घर्षण कमी होतं आणि छिद्र झिजत नाही. विकायला गेलात तर चहाही सुटायचा नाही. आजींनी भिंग बाबांकडे सरकवलं.

आत एक चाक मागेपुढे हेलकावत होतं. बाबांनी ते काय म्हणून विचारलं. मी समजावलं, घड्याळातली स्प्रिंग एकदम उलगडायला बघते. तिला अडवणारी जी यंत्रणा, ती एस्केपमेंट. हेलकावणाऱ्या चाकाच्या तालावर एक छोटा चिमटा दातेरी चाकाला धरतो, एक दाता सोडतो, पुन्हा धरतो. तीच टिकटिक. दाता सुटताना हेलकाव्यालाही जरा धक्का मिळतो, म्हणून तो थांबत नाही.

"म्हणजे फाटकवर मी उसाचे ट्रॅक्टर एकेक सोडू, तसं," बाबा म्हणाले आणि ताठ बसले.

घड्याळात बिघाड नव्हता. त्याला चावी द्यायची सोय नाही. आत अर्धचंद्रासारखं एक वजन असतं, रोटर. हात हलला की ते फिरतं आणि स्प्रिंग गुंडाळली जाते. मी बाबांना विचारलं, दिवसभर हालचाल किती?

"दिवसभर झोकावर ऱ्हास. हालतच ऱ्हास ना."

मला हसू आवरेना. झोक्यावर माणूस, हात आणि वजन सगळे एकाच लयीत झुलतात. वजनाला वेगळं फिरायला कारणच उरत नाही.

"ते वजनबी यासनासारखं बठी ऱ्हास," आजी बाबांकडे बोट करून म्हणाल्या आणि घड्याळ स्वतःच्या मनगटावर चढवलं.

पुढच्या बाजाराला त्या एकट्या आल्या. त्या भाकरी थापत, कपडे धोपटत, त्यामुळे घड्याळ एकदाही थांबलं नव्हतं. धोपटताना घड्याळाला धक्के बसतात, म्हणून तेव्हा ते काढून ठेवायला मी सांगितलं. बाबांसाठी त्यांनी एक सेलचं घड्याळ घेतलं.

आता त्या घरात दोन वेगळ्या वेळा चालतात. ऑटोमॅटिक थोडं मागे पडतं, म्हणून बाबांचे बारा आजींच्या बाराच्या चार मिनिटं आधी वाजतात. ते ताटावर येऊन बसतात, आणि आजी मनगट पाहून सांगतात, "अजून वाजनात नही."