पर्यायी शिक्षक मिळाल्यास

माझ्या बदलीचा अर्ज गुरुजींनीच लिहून दिला होता, हे आधी सांगून टाकते. म्हणजे कच्चा मजकूर त्यांचा, अक्षर माझं. सिद्धगडाच्या पायथ्याशी, एसटी सोडून चांगली चढण चढून गेल्यावर, आमची दोन शिक्षकांची जिल्हा परिषदेची शाळा. ते मुख्याध्यापक, मी सहशिक्षिका. चार वर्ग, दोन खोल्या. गुरुजींचं घर मुरबाडला, बैठक पंचायत समितीत, आणि शाळेत येणं त्यांच्या सवडीने. आठवड्यातून दोन-तीनदा यायचे, हजेरीपटावर मागच्या सह्या पूर्ण करायचे, मुलांना एक-दोन पाढे म्हणायला लावायचे आणि दुपारच्या एसटीने परत जायचे. चारही वर्ग मी सांभाळत होते. नवीन होते तोवर यात मला कमीपणा वाटला नाही, उलट मिरवावंसंच वाटायचं.

गुरुजींची अर्ज लिहिण्यात मात्र ख्याती होती. केंद्रातले निम्मे शिक्षक रजेचे, फंडाचे, बदलीचे अर्ज त्यांच्याकडून लिहून घ्यायचे. कुठे ‘विनम्र’ घालायचं, कुठे ‘सहानुभूतीपूर्वक’, कुठे ‘सबब’ लिहून ओळ सोडायची, हे सगळं त्यांना पाठ होतं. मी त्यांना घरची अडचण सांगितली तेव्हा त्यांनी टेबलावर हात ठेवून सगळं ऐकून घेतलं.

“बाई, अर्ज असा करू की साहेबांच्या डोळ्यात पाणी आलं पाहिजे,” ते म्हणाले.

अडचण खोटी नव्हती. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती आणि तिला फिट यायची. घर वाशिंदला. नवरा तिथल्याच कारखान्यात पाळीवर. घरात सासूबाई, पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, हाताने चाचपत स्वयंपाक करायच्या. मी आठवडाभर मुरबाडला भाड्याच्या खोलीत राहायचे आणि शनिवारी सकाळची शाळा आटोपली की शहापूरची एसटी पकडायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पोरीजवळ सतत डोळस माणूस हवं. ते माणूस सिद्धगडाखाली पाढे म्हणवून घेत होतं.

अर्ज झकास झाला. शिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे, गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत, शहापूर तालुक्यात वाशिंदजवळच्या कुठल्याही रिक्त जागेवर विनंती बदली मिळावी म्हणून. सोबत मुलीच्या उपचाराचे कागद, जिल्हा शल्यचिकित्सकांचा दाखला, सासूबाईंच्या डोळ्यांचा दाखला, नवऱ्याच्या कारखान्याचं पाळीचं पत्र, शिधापत्रिकेची साक्षांकित प्रत. ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात दाखल्यासाठी मी पोरीला कडेवर घेऊन अख्खा दिवस काढला होता. एक कागद कमी नव्हता. गुरुजी म्हणाले, अभिप्राय लिहून मी स्वतः केंद्रप्रमुखांकडे देतो, तुम्ही खेटे घालू नका. मला किती बरं वाटलं होतं त्या दिवशी.

मे महिन्यात बदल्यांची यादी लागली. माझं नाव नव्हतं.

मुरबाडच्या पंचायत समितीत गेले. शिक्षण विभागातल्या लिपिक बाईंनी पंखा माझ्याकडे वळवला आणि फाइल समोर ठेवली. माझ्या सुबक अर्जाखाली गुरुजींच्या तितक्याच सुबक अक्षरात अभिप्राय होता. शिक्षिकेचे काम अत्यंत उत्कृष्ट असून विद्यार्थ्यांची प्रगती केवळ त्यांच्यामुळे आहे. शाळा द्विशिक्षकी व दुर्गम. पर्यायी शिक्षक मिळाल्यास कार्यमुक्त करण्यास हरकत नाही, अन्यथा शाळा बंद पडण्याची शक्यता नाकारता येत नाही. खाली केंद्रप्रमुखांचं ‘सहमत’. त्याखाली साहेबांचं, ‘पुढील वर्षी विचार व्हावा.’

“चांगलंच लिहिलंय की तुमच्याबद्दल,” लिपिक बाई म्हणाल्या. मग माझं तोंड बघून हळूच पुढे बोलल्या, “पर्यायी म्हटलं की अर्ज बाजूलाच पडतो, बाई. तिकडं वर यायला कोण मागतंय?”

मला हसू आलं, खोटं नाही सांगत. ज्या माणसाला वर यायचं नव्हतं त्यानेच मला वर ठेवलं होतं, आणि तेही कौतुक करून. गुरुजींना विचारलं तर ते चकितच झाले. “अहो बाई, मी तुमची स्तुतीच केली. विरुद्ध एक अक्षर लिहिलं असेल तर दाखवा.” दाखवायला खरंच काही नव्हतं.

जून उजाडला, शाळा सुरू झाली. जुलैत एका सकाळी मुरबाडच्या खोलीच्या दारात नवरा उभा. कारखान्याचे कपडेही बदलले नव्हते त्याने. पोरगी स्टोव्हपाशी बसली होती, सासूबाई पीठ चाचपत होत्या, तेवढ्यात तिला फिट आली आणि ती पेटत्या स्टोव्हवर कोसळली. सासूबाईंना आवाज आला, पण कुठून आला ते समजेपर्यंत उजवा हात भाजून निघाला होता. हे सांगताना नवरा कुणालाच दोष देत नव्हता. मी देत होते. एसटीत बसून घाट बघावा तसा मी तो अभिप्राय ओळीओळीने डोळ्यांपुढे बघत होते.

कल्याणच्या दवाखान्यात पोरीच्या उशाशी बसून मी ठरवलं की या माणसाला सोडायचं नाही. शिव्या द्यायच्या नाहीत, तक्रार करायची नाही, साहेबांपुढे रडायचं नाही. त्याच्याच हत्याराने त्याला मारायचं. आणि ते हत्यार मला त्यानेच शिकवलं होतं.

मी अर्ज लिहिला. मुलीच्या शुश्रूषेसाठी अर्धपगारी रजा मिळावी ही नम्र विनंती, सोबत दवाखान्याचा दाखला. एक प्रत, दाखला न जोडता, गुरुजींना रजिस्टर टपालाने, पोच घेऊन. एक थेट गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात, आवकचा शिक्का मारून. रजा संपत आली की मुदतवाढ. पुन्हा नम्र, पुन्हा दाखला, पुन्हा पोच. सबब लिहून ओळ सोडायलाही विसरले नाही. साहेबांनी रजा मंजूर केली. नाकारायला काही कारणच मी ठेवलं नव्हतं.

आता शाळेला एकच शिक्षक उरला आणि तो मुरबाडला.

सुरुवातीला गुरुजी रोज गेले म्हणे. मग पायांनी कुरकुर केली असावी. सप्टेंबरात मी मुदतवाढीची प्रत मुद्दाम हातानेच द्यायला गेले, तर शाळेला कुलूप. पोरं ओट्यावर गोट्या खेळत होती. मला बघून धावत आली, पायांना बिलगली. दुसरी किल्ली माझ्या पिशवीत होती. मी ती काढली नाही. पोरं माझीच होती, आणि मला कुलूप तसंच हवं होतं.

ग्रामशिक्षण समितीवरच्या एक बाई पाणी घेऊन आल्या.

“बाय, तुमी नाय त शाला अशीच ऱ्हाते बघा. कदी गुरुजी येतान, कदी नाय. कोनाला सांगाचा आमी?”

“केंद्रप्रमुखांना सांगा,” मी म्हटलं. “दोन ओळी लिहा, समितीच्या सह्या घ्या. मुरबाडला बाजाराला जाल तेव्हा कार्यालयात द्या आणि शिक्का मारून घ्या.”

“तुमीच लिवून द्या ना.”

“नाही. मी रजेवर आहे.”

त्यांनी चौथीतल्या पोराकडून लिहून घेतलं असं नंतर कळलं. मी शिकवलेल्या पोराकडून. अक्षर चांगलं होतं म्हणे.

केंद्रप्रमुख न सांगता आले, त्यांनाही कुलूपच भेटलं. हजेरीपट मागवला तर गुरुजींच्या पुढच्या तारखांच्या सह्याही करून ठेवलेल्या. घाईत दोन दिवस जास्तीच्या केल्या होत्या. कारणे दाखवा नोटीस निघाली. लिपिक बाईंनी मला ही बातमी दिली तेव्हा मी बाजारातून अर्धा किलो जिलेबी घेतली आणि घरी नेऊन नवऱ्याला कारण न सांगता खायला घातली.

दिवाळीआधी गुरुजी वाशिंदला आमच्या घरी आले. वाळले होते. रोज ती चढण चढत होते. चहाचा कप हातात घेऊन म्हणाले, “बाई, अर्ज पुन्हा करा. या खेपेला मी शिफारस करतो.”

“आणि पर्यायी शिक्षक?”

“त्याची काळजी सोडा. मी मागे लागलोय. नवे शिक्षणसेवक भरणार आहेत, त्यातला एक आपल्या शाळेला मागून घेतो. साहेबांशी बोलणं झालंय.”

ज्या शिक्षकाची शक्यता त्यांना काही महिन्यांपूर्वी दिसत नव्हती, तो स्वतःच्या पायांना फोड आल्यावर बरोबर दिसला होता. मी कोरा कागद आणि पेन त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी माझ्यासमोर, माझ्या घरात, पाटावर कागद ठेवून अभिप्राय लिहिला. ‘पर्यायी’ हा शब्द त्यात नव्हता. आतल्या खोलीत पोरगी हाताला पट्टी बांधून झोपली होती. गुरुजींनी तिची चौकशी केली नाही. मीही सांगितलं नाही. ते मला राखून ठेवायचं होतं.

दिवसा पोरीजवळ राहता यावं म्हणून नवऱ्याने रात्रपाळी मागून घेतली आणि दिवाळीनंतर मी रुजू झाले. गुरुजी आता रोज येत, वेळेवर येत, दोन वर्ग घेत. आम्ही फळा आणि खडूपुरतं बोलायचो. मेच्या यादीत माझं नाव आलं आणि जूनमध्ये एक तरुण शिक्षणसेवक हजर झाला. मला कार्यमुक्त करण्याच्या दिवशी गावाने निरोप समारंभ ठेवला. नवरा पोरीला घेऊन आला. मीच आणायला सांगितलं होतं.

गुरुजींनी भाषण केलं. माझ्या कामाबद्दल, शिस्तीबद्दल, मायेबद्दल बोलले. बायका पदराने डोळे पुसत होत्या. केंद्रप्रमुखांनी मान डोलावली. मग शाल, श्रीफळ, आणि गुरुजींनी पेढ्यांचा पुडा सोडून पहिला पेढा माझ्या लेकीपुढे धरला. तिने डावा हात पुढे केला.

“उजवा, बाळ. उजव्या हाताने घ्यायचं,” गुरुजी प्रेमाने म्हणाले.

“उजव्याची बोटं मिटत नाहीत तिची,” मी म्हटलं. माझा आवाज मागच्या भिंतीपर्यंत जाईल असा लावला होता. “स्टोव्हवर पडली. गेल्या जुलैत, मी इथं असताना. तुम्ही पर्यायी शिक्षक मागितला होता ना, गुरुजी, त्यानंतर.”

केंद्रप्रमुख टेबलावरच्या नारळाकडे बघत राहिले. गुरुजींचा चेहरा उतरला, अगदी मला हवा होता तसा, आणि त्यांचा पेढ्याचा हात तसाच पुढे राहिला. वर्षभर मी या क्षणाची वाट बघत होते. आता त्यांनी काहीतरी बोलावं, माफी मागावी, म्हणजे मी ती देणार नाही, असं सगळं माझ्या मनात तयार होतं.

पोरीने डाव्या हाताने त्यांच्या बोटांतून पेढा उचलला, तोंडात टाकला आणि त्यांच्याकडे बघून म्हणाली, “गोड हाय. अजून एक द्या ना.”

गुरुजींनी अख्खा पुडा तिच्या डाव्या हातात ठेवला. त्यांचे डोळे भरले होते. लोकांना बरं वाटलं, कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. मला मात्र तो पेढा तिच्या तोंडात बोट घालून काढून घ्यावासा वाटत होता.