न टाकलेले कंस

कुंडलच्या ज्युनिअर कॉलेजात मी बावीस वर्षं गणित शिकवते आहे. फळ्यावर लिहिताना माझा हात कधी अडखळत नाही. माझी खरी चूक मात्र फळ्यावर झाली नाही. ती मोबाईलच्या मेसेजमध्ये झाली आणि तिची किंमत दुसऱ्या कुणीतरी मोजली.

ती मुलगी जत तालुक्यातली. घरी मेंढरं. अकरावी-बारावीला ती कुंडलला मामांकडे राहून शिकली. हुशार होती, पण बारावीत ऐन परीक्षेच्या आठवड्यात टायफॉईडने आजारी पडली आणि गणितात नापास झाली. पुढच्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. सासरही जतकडच्याच मेंढपाळाचं. दिवाळीनंतर ती माणसं कळप घेऊन साताऱ्याकडे निघायची आणि पावसाच्या तोंडावर परत यायची. कुणाच्या रानात आठ दिवस खतासाठी मेंढ्या बसवायच्या, मग पुढचं गाव.

लग्नाला तीन वर्षं झाल्यावर एक दिवस तिचा फोन आला. जुलैतल्या पुरवणी परीक्षेचा फॉर्म तिने भरला होता. नर्सिंगला जायचं होतं आणि बारावी पास झाल्याशिवाय तिथे कुणी उभं करणार नव्हतं. नवऱ्याने होकार दिला होता. सासूने नाही म्हटलं नव्हतं. अडचण पुस्तकाची होती. गणिताचा पहिला भाग तिच्यापाशी होता, दुसरा मामांनी कधीच कुणाला तरी देऊन टाकला होता आणि इंटिग्रेशन नेमकं त्या दुसऱ्या भागात.

मी म्हटलं, पुस्तक पाठवते, पत्ता सांग. त्यावर ती म्हणाली, आज कोरेगावच्या अलीकडं हाय, सोमवारी कुठं आसंल ते दीर सांगतील तवा कळंल. मग तिनेच विचारलं, सूत्रं मेसेजनं पाठवाल का? गणितं सोडवायची रीत तिला आठवत होती, सूत्रं विसरली होती.

तिच्याकडे बटणांचा साधा फोन होता. स्मार्टफोन नवऱ्याकडे, आणि तो कळपाबरोबर पुढे. फोटो पाठवायची सोय नव्हती. तिच्या फोनवर यायचा तो फक्त साधा मेसेज.

मला ते सोपं वाटलं. कॉम्प्युटरवर माझ्या नोट्स होत्या, त्यातली पाच-सहा सूत्रं मी तशीच उचलून पाठवली. अर्ध्या तासाने तिचा फोन आला, "मॅडम, नुसतं चौकोन आल्यात." इंटिग्रेशनचं चिन्ह, वर्गमूळाचं चिन्ह, हे काहीच तिच्या फोनला ओळखू येत नव्हतं. जिथे चिन्ह तिथे रिकामा चौकोन. शिवाय एक्सच्या डोक्यावरचा छोटा दोन खाली उतरून शेजारी येऊन बसला होता. एक्सचा वर्ग होता तिथे नुसतं x2.

तेव्हा आम्ही फोनवरच खुणा ठरवल्या. इंटिग्रेशनला int लिहायचं, वर्गमूळाला sqrt, घाताला वर टोक असलेली ^ ही खूण, गुणाकाराला तारा, भागाकाराला तिरकी रेघ. तिने त्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतल्या. मग मी रोज दुपारच्या सुट्टीत दोन-तीन सूत्रं हाताने टाईप करून पाठवू लागले. त्यातलं एक हे होतं:

int dx/(x^2-a^2) = 1/2a log |x-a/x+a| + c

पुस्तकात या सूत्राच्या उजव्या बाजूला दोन अपूर्णांक असतात. पहिल्यात वर एक आणि खाली दोन ए. दुसऱ्यात वर एक्स वजा ए, खाली एक्स अधिक ए. मधली आडवी रेघ काय वर आणि काय खाली ते सांगून टाकते. मेसेजात आडवी रेघ नाही. सगळं एका ओळीत येतं, आणि कुठवर वर, कुठून खाली, हे फक्त कंस सांगू शकतात. डावीकडे मी कंस टाकला होता. उजवीकडे टाकला नाही. माझ्या डोळ्यांपुढे पुस्तकातलं पान होतं, त्यामुळे मला ते नसलेले कंसही दिसत होते.

चार दिवसांनी तिचा मेसेज आला. मी तेव्हा सांगलीत भाचीच्या साखरपुड्यात होते. मेसेज मराठीच पण इंग्रजी अक्षरांत होता: "madam 1/2a madhe a var ka khali?"

मी तो वाचला. समोर पाहुण्यांना पानं वाढायची चालली होती. मी लिहिलं, "sutra dile aahe tasech kar", आणि फोन पर्समध्ये टाकला.

तिने पुन्हा विचारलं नाही.

परीक्षा झाली, निकाल लागला. तीन गुण कमी पडले होते. फोनवर तिच्या आवाजात रडणं नव्हतं, फक्त दमणूक होती. माझा विश्वास बसेना. तिने मला सोडवलेले प्रश्न सांगितले होते, त्यावरून ती सहज पास व्हायला हवी होती. तपासणाऱ्याने घोळ केला असणार असं मी ठरवून टाकलं, आणि तिला तसं बोललेही. मीच तिला उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवायला लावली. स्टाफरूममध्ये दोन सहकाऱ्यांपुढे पेपर तपासणाऱ्यांच्या निष्काळजीपणावर मी चांगलं दहा मिनिटं बोलले होते, ते आठवलं की आजही अंग आकसतं.

प्रत घेऊन ती स्वतः कुंडलला आली. पाऊस उघडला होता. आम्ही रिकाम्या वर्गात बसलो आणि मी लाल पेन घेऊन पानं उलटू लागले, तपासणाऱ्याची चूक शोधायला.

तिसऱ्या पानावर तो प्रश्न होता. एक्सचा वर्ग वजा नऊ. म्हणजे ए बरोबर तीन. उत्तर यायला हवं एक छेद सहा, पुढे लॉग, त्यात वर एक्स वजा तीन आणि खाली एक्स अधिक तीन. तिने लिहिलं होतं तीन छेद दोन, पुढे लॉग, आणि त्यात एका ओळीत x - 3/x + 3. त्यावर फुली. पुढच्या मोठ्या प्रश्नात शेवटच्या पायरीला हेच सूत्र लागत होतं. तिथेही तेच, आणि तिथेही फुली.

मी जरा रागानेच विचारलं की तीन छेद दोन कुठून आणलंस.

तिने पिशवीतून फोन काढला, माझा जुना मेसेज उघडला आणि बाकावर माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, "एक भागिले दोन, गुणिले ए. तुमी लिव्हलं तसंच मी केलं."

मी तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. तिचं बरोबर होतं. 1/2a हे डावीकडून उजवीकडे सरळ वाचलं तर आधी एकाला दोनने भागायचं आणि मग ए ने गुणायचं. ए वर जातो. x-a/x+a मध्ये भागाकार आधी करायचा हे तर मीच तिला अकरावीत शिकवलं होतं. त्या नियमाने फक्त मधला ए भागिले एक्स एवढाच अपूर्णांक उरतो, आणि बाकीचे दोघे बाहेर पडतात. तिने माझ्याच नियमाने माझं सूत्र वाचलं होतं. चुकीचं होतं ते लिहिलेलं.

आणि खाली, चार दिवसांच्या मेसेजांनंतर, तिचा प्रश्न होता, ए वर का खाली. आणि त्याखाली माझं उत्तर.

मी लाल पेनाला टोपण लावलं. मग मी म्हटलं, "ही चूक तुझी नाही. माझी आहे. तू विचारलंस तेव्हा मी बघितलंसुद्धा नाही."

ती वहीच्या कोपऱ्याशी चाळा करत होती. "मला शंका आली हुती मॅडम," ती म्हणाली. "पण तुमी सांगितलं म्हणल्यावर माझीच शंका खोटी आसंल असं वाटलं."

त्या वाक्याने मला जेवढं लागलं तेवढं तिने ओरडून भांडल्याने लागलं नसतं.

त्या वर्षीचं नर्सिंग हुकलं. फेब्रुवारीच्या परीक्षेला बसायचं ठरलं. या वेळी पुस्तक मी तिच्या हातातच दिलं, पण कळप निघाला आणि शंका पुन्हा मेसेजनेच यायला लागल्या. फरक एवढाच की आता मी टाईप केलेली ओळ पाठवण्याआधी पुस्तक मिटून वाचायची, जणू मला ते सूत्र माहीतच नाही. (1/(2a)) * log |(x-a)/(x+a)| + c. ओळ कुरूप दिसायची. कंसांची नुसती गर्दी. पण तिचा एकच अर्थ निघायचा. e^2x सुद्धा मी e^(2x) लिहू लागले, कारण पहिल्यात नुसत्या ई चा वर्ग होऊन एक्स खाली राहू शकतो.

दुसरी गोष्ट तिनेच सुरू केली. प्रत्येक सूत्र आलं की ती ते शब्दांत परत पाठवायची: "var x vaja a, khali x adhik a, barobar?" मी हो म्हटल्यावरच वहीत उतरवायची. मी तिला एक पडताळाही शिकवला. आलेल्या उत्तराचं डेरिव्हेटिव्ह काढायचं, मूळ प्रश्न परत आला पाहिजे. जुन्या उत्तरावर तिने तो करून पाहिला. म्हणाली, जुळत न्हाई. हे जुलैच्या आधी शिकवलं असतं तर तिला माझी गरजच पडली नसती. हे ती बोलली नाही, मी बोलले.

डिसेंबरात तिला दिवस गेल्याचं कळलं. तरी ती चालत राहिली, वही डोक्यावरच्या गाठोड्यात. फेब्रुवारीत कळप सोडून एसटीने कुंडलला येऊन तिने पेपर दिला. मे महिन्यात पास झाली, चांगल्या गुणांनी. पण ऑगस्टात मुलगी झाली आणि तेही वर्ष गेलं. ती नर्सिंगला लागली तेव्हा मूल एक वर्षाचं होतं आणि ते सासूपाशी जतला ठेवून तिला सांगलीच्या वसतिगृहात राहावं लागलं. पहिल्या जुलैतच पास झाली असती तर ती मूल होण्याआधीच तिथे गेली असती. हे कुणी मला ऐकवलेलं नाही. पण दोन वर्षं ही दोन वर्षंच असतात.

गेल्या महिन्यात मी सांगलीला तिला भेटायला गेले. पांढऱ्या गणवेशात होती. दुपारची ड्यूटी सुरू व्हायला अवकाश होता, म्हणून आम्ही वसतिगृहाच्या पायरीवर बसलो. मी पुन्हा एकदा माफी मागायला लागले तर तिने मला थांबवलं. सांगत होती की सिस्टर तोंडी औषध सांगतात, तेव्हा ती आधी ते मोठ्याने परत म्हणून दाखवते आणि मगच लिहिते. बाकीच्या पोरी हसतात. पहिल्या आठवड्यात तर एक सिस्टर वैतागली होती, विश्वास न्हाई का म्हणून.

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"विश्वास हाय म्हणलं," ती म्हणाली. "पण इचारल्याबिगर लिवनार न्हाई."

मग तिने फोनवर लेकीचा फोटो दाखवला. आता तिच्याकडे मोठ्या पडद्याचा फोन आहे. पोरगी मेंढीच्या पाठीला धरून उभी राहायला शिकत होती. ड्यूटीची वेळ झाली तशी ती उठली आणि घाईने जिना चढून वर गेली.