आईच्या टीव्हीचा कायमचा पत्ता

अर्धांगवायूनंतर आईला रिमोटची बारीक बटणं दाबता येईनात, म्हणून मी टॅबवर मोठ्या बटणांचं अ‍ॅप घातलं. त्यात टीव्हीचा नेटवर्कवरचा पत्ता लिहावा लागे. पण आमच्या शुक्रवार पेठेत लाइट जाऊन आली, की राउटर टीव्हीला कधीकधी वेगळाच पत्ता देई आणि टॅबची बटणं चालेनाशी होत. मी कामावरून येईपर्यंत आई समोर लागेल ते बघत बसे.

शेजारच्या वहिनी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात. एका रविवारी त्यांनी टीव्हीच्या सेटिंगमधून त्याचा मॅक क्रमांक, म्हणजे यंत्राची कधी न बदलणारी ओळख, घेतला, राउटरमध्ये त्या क्रमांकासाठी एक पत्ता राखून ठेवला आणि टीव्ही बंद करून चालू केला. तोच पत्ता मी टॅबमध्ये लिहिला. मग लाइट गेल्यावर काय होतं ते बघायला वहिनींनी राउटरचा प्लगच काढला आणि थोड्या वेळानं परत लावला.

"काकू, दाबा की आता!"

आईनं डाव्या हातानं बटण दाबलं. कीर्तन लागलं. तिनं आवाज वाढवला, कमी केला, पुन्हा वाढवला.

"माझं मी केलं," ती अडखळत म्हणाली आणि वहिनींचा हात धरून बसली. मी चहा टाकायला आत गेले.