जातिवंत सेबल

जळगावात ललितभाऊंच्या चित्रसाहित्याच्या दुकानात कामिनीताईंची चोवीस वर्षं गेली. पुडा न उघडता, नुसता हात लावून त्या ब्रशचा नंबर सांगत. गिऱ्हाईक आत आलं की आधी त्यांच्याकडे बघे. तेवढ्याच मानावर त्या घरचं, वैधव्याचं, गुडघ्यांचं सगळं विसरत.

मग भाऊंची सून रूपा दुकानात बसू लागली. तिने मोबाइलवर मालाची यादी टाकायला सुरुवात केली: फोटो, रंगाचा प्रकार, ब्रशचे केस, कोणत्या वयाला योग्य. दोन महिन्यांत पाचोऱ्याहून, धुळ्याहून मागण्या येऊ लागल्या. भाऊ येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "सूनबाईंनी लिहिलं की माल आपोआप जातो."

आपोआप! मग चोवीस वर्षं आपण काय माश्या मारत होतो? कामिनीताई मनात म्हणत. रूपा "ताई, चहा घ्या" म्हणाली तरी त्यांना तो चहा कोमट लागे.

एका दुपारी त्यांनी नव्या जलरंग संचाची यादी वाचली. 'पारदर्शक जलरंग, बारा नळ्या. कॅडमियम लाल, अस्सल रंगद्रव्य. तीन ब्रश, जातिवंत सेबल. वय आठपासून.' त्यांनी लाल नळी उचलून चष्मा वर सरकवला. रंगाच्या नावाखाली बारीक अक्षरात 'ह्यू' होतं. म्हणजे कॅडमियमसारखा दिसणारा, स्वस्त रंगद्रव्यांतून जुळवलेला रंग. सूनबाईंनी मोठी अक्षरं तेवढी वाचली होती.

सांगावं का? त्यांनी नळी जागेवर ठेवली. पडू दे एकदा तोंडघशी. त्या दिवशी चहा त्यांना गोड लागला.

आठवड्याने एरंडोलचे अभिमन सर आले. निवृत्त चित्रकला शिक्षक. ग्रेड परीक्षेला बसणाऱ्या मुलींसाठी त्यांनी पंधरा संच मागवले होते. सरांनी एक ब्रश काउंटरवर ठेवला.

"ललितभाऊ, सेबल शे का हाई?"

"आहे की. यादीत लिहिलंय."

"मग काडेपेटी द्या."

सरांनी दोन केस उपटून काडी लावली. केस जळून राख झाले नाहीत. वितळून टोकाला काळा मणी झाला.

"नायलॉन. सेबल म्हणजे जनावराचा केस. तो जळून राख होतो, जळक्या केसांचा वास येतो. हे कोणी लिहिलं?"

कामिनीताई खुर्चीच्या कडेला सरकून बसल्या. आता बघू सूनबाईंचं तोंड.

"मी लिहिलं, सर. चूक माझी," रूपा म्हणाली.

"पण सेबल हे डोक्यात आलं कुठून?"

"आमच्या दुकानात मऊ गोल ब्रशला सेबलच म्हणतात. मी खात्री करून घ्यायला हवी होती."

कामिनीताईंच्या कानशिलांवर रक्त चढलं. तसं कोण म्हणतं? त्याच! "जातिवंत सेबल आहे, घ्या" हे त्या कित्येक वर्षं सांगत आल्या होत्या. आधीच्या माणसाने सांगितलं, त्यांनी पुढे चालवलं. हातांना फरक कळत होता, पण तोंडाला सवय लागली होती. आणि ही पोरगी त्यांच्याकडे बोट सोडा, नजरसुद्धा करत नव्हती. तिने नाव घेतलं असतं तर निदान भांडता आलं असतं. हा मोठेपणाही हिच्याकडेच जावा?

"ब्रश वाईट नाहीत बरं," सर नरमून म्हणाले. "शिकाऊ पोरींना हेच बरे. टोक चटकन सरळ होतं, धुवायला सोपे. सेबल पोटात पाणी जास्त धरतं, पण या वयात दामटून खराब करतील. संच ठेवतो मी. लिहा मात्र खरं."

सर गेल्यावर भाऊ म्हणाले, "कामिनीताई, बसा सूनबाईंजवळ. नीट लिहून घ्या."

रूपाने स्टूल पुढे केलं. "तुम्ही सांगा ताई, मी टाइप करते."

"ब्रश सिंथेटिक, गोल. दर्जा विद्यार्थ्यांचा. आठ नको, वय बारापासून लिहा. लहानांना नळीतून किती रंग घ्यावा ते कळत नाही." त्या थांबल्या. इथेच गप्प राहिलं तर पुन्हा एकदा सूनबाई सापडणार होत्या. पण आता तो आवाज त्यांना स्वतःचाच ऐकू येत होता: जातिवंत सेबल आहे, घ्या. "आणि लाल नळीवर नावाखाली वाचा."

रूपाने वाचलं. "ह्यू. म्हणजे खरं कॅडमियम नाही?"

"नाही. खरं कॅडमियम विषारी, म्हणून मुलांच्या हातात हे एका अर्थी बरंच. पण अस्सल लिहायचं नाही."

"तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"मागच्या आठवड्यापासून."

रूपाची बोटं थांबली. तिने ताईंकडे एकदा बघितलं आणि 'अस्सल' पुसलं.

यादी पूर्ण झाल्यावर ती म्हणाली, "खाली तुमचं नाव टाकू? माहिती कामिनीताई, असं?"

"छे! नको. माझं कशाला?"

"बरं," म्हणून रूपाने यादी पाठवून टाकली.

कामिनीताई स्टुलावर तशाच बसून राहिल्या. एकदा नको म्हटल्यावर माणूस दुसऱ्यांदा विचारतं, एवढीही रीत या पोरीला कोणी शिकवली नव्हती.