चौथी ओळ

आयुष्यात मला पुष्कळ लोकांचा राग आला, पण माझ्या स्वतःच्या एका ओळीवर जितका आहे, तितका कुणावरच नाही. ती ओळ मी ऑफिसच्या मेलमध्ये लिहिली होती. मागितली कुणी नव्हती. मीच शहाणी!

तेव्हा आम्ही बेंगळुरूत के. आर. पुरमला राहत होतो. आम्ही म्हणजे मी आणि माझे बाबा. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मी एकुलती एक. बाबा नागपूरला एकटे असताना त्यांना अर्धांगाचा झटका आला. दवाखान्यातून सोडल्यावर मी त्यांना इकडे घेऊन आले. उजवा हात लुळा, उजवा पाय ओढत चालायचे. पण खरी पंचाईत ती नव्हती. त्यांची वाचा गेली होती. समोरचं बरंचसं समजायचं, पण तोंडातून शब्द निघेना. आणि हा माणूस कोण, तर नोकरीभर एसटी स्टँडवर भोंग्यावरून गाड्या पुकारणारा! अमरावती, वर्धा, यवतमाळ, सगळं एका दमात. घरीसुद्धा जेवायला बोलवायचे ते फलाट क्रमांक सांगितल्यासारखे. मी लाजेनं मरायचे तेव्हा.

वाचा शिकवायला एक बाई दर शनिवारी घरी यायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं, "पहिले काही महिने महत्त्वाचे. नंतर सुधारणा होत नाही असं नाही, पण वेग राहत नाही. मी आठवड्यातून एकदा येऊन काय होणार? रोज कुणीतरी समोर बसून बोललं पाहिजे. कप दाखवा, कप म्हणा, थांबा. त्यांना वेळ द्या. घाई केली की शब्द आत पळतो."

सकाळी आंघोळ-नाश्ता झाल्यावर बाबा ताजे असायचे. अकरा ते बारा. दुपारनंतर थकायचे, चिडायचे, डाव्या हातानं ताट लोटायचे. आणि मी अकरा वाजता कुठे? महादेवपुऱ्यात, ऑफिसच्या चौथ्या मजल्यावर. अंतर म्हणाल तर हाकेवर, पण त्या झुलत्या पुलाखालची गर्दी ओलांडायलाच तास जायचा. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत बाबा भिंतीकडे तोंड करून झोपलेले. दिवसभर त्यांच्याजवळ घरमालकीण अक्का बसायच्या. अक्कांचं घराणं मूळचं मराठी, पण कित्येक पिढ्या चामराजपेटेत गेलेल्या, त्यामुळे त्यांच्या मराठीत अर्धं कन्नड. "स्वल्प थांब गं, बाप तुझा आता खाल्ला," असं बोलायच्या. अक्का देवमाणूस, पण सत्तरीच्या जवळ आलेल्या. त्यांच्या गळ्यात किती घालायचं?

म्हणून मॅनेजरला विचारायचं ठरवलं. माझ्या टीममध्ये पुण्याचा एक सहकारी होता, चार वर्षांनी मोठा. त्याला कॅन्टीनमध्ये गाठलं. तो म्हणाला, "हे बघ, रडगाणं गाऊ नकोस. 'घरी अडचण आहे' म्हटलं की तो सहानुभूती देतो आणि सुट्टी घे म्हणतो. तुला सुट्टी नकोय, वेळ हवाय. कामाचं बोल. मी एवढं काम देतो, घरून तेवढंच देईन, कमी पडलं तर परत येईन. सहा आठवडे करून बघा म्हण. कायमचं मागितलंस तर तो वरच्यांना विचारणार, आणि वरचे नाहीच म्हणणार. सहा आठवड्यांना त्याला कुणाला विचारावं लागत नाही."

सल्ला सोळा आणे खरा होता. मी रविवारभर बसून मेल लिहिली. सोमवार, बुधवार, शुक्रवार घरून. मंगळवार, गुरुवार ऑफिसात. घरच्या दिवशी साडेसातला काम सुरू, अकरा ते बारा मी नाही, संध्याकाळी साडेपाचपर्यंत पुन्हा आहे. म्हणजे तास तेवढेच. मग मोजमाप. एक, आठवड्याला सुटणाऱ्या तक्रारींची संख्या मागच्या तिमाहीच्या सरासरीपेक्षा कमी होणार नाही. दोन, तातडीच्या तक्रारीला पहिलं उत्तर ठरलेल्या वेळेत जाईल. तीन, ठरलेली एकही तारीख चुकणार नाही. दर शुक्रवारी तिन्हींचे आकडे मी स्वतः पाठवीन. सहाव्या आठवड्यात बसून बघू, काही घसरलं असेल तर वाद न घालता पाच दिवस ऑफिसात.

इतकं लिहून थांबले असते तर! पण भीती वाटली. वाटलं, अकरा ते बारा हा एक तास डोळ्यात खुपेल. म्हणून खाली चौथी ओळ टाकली: या तासातही मी चॅटवर उपलब्ध असेन आणि पाच मिनिटांत उत्तर देईन.

घाला बोटं माझ्या डोळ्यात! जो तास मागण्यासाठी एवढा खटाटोप केला, तोच तास मी त्याच मेलमध्ये परत देऊन टाकला.

मॅनेजरनं मला दुसऱ्या दिवशी बोलावलं. कंपनीत सगळे त्याला नावानं हाक मारायचे, माझ्या तोंडून मात्र सर निघायचं. तो म्हणाला, "नीट मांडलंय. सहा आठवडे करून बघू. सॉफ्टवेअरची मोठी रिलीज असेल त्या आठवड्यात तेवढं यावं लागेल." मी हो म्हटलं. मग त्यानं विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" मी हसून म्हटलं, "हो सर, एकदम." रडगाणं नको ना! एक शब्द पुढे बोलले असते तर जीभ झडली असती का माझी?

पहिल्या सोमवारी अकरा वाजता बाबांच्या समोर खुर्ची ओढली. कप हातात घेतला. "बाबा, हे काय?" त्यांचे ओठ हलले. कपाळावर शीर उठली. "क... क..." आणि माझा फोन टिंग वाजला. बघितलं तर कुणीतरी एका फाइलचा पत्ता विचारत होतं. "एक मिनिट हं बाबा." उत्तर देऊन परत आले, तर त्यांनी कप उलटा करून ठेवला होता.

असंच चालू झालं. दोन मिनिटांचा निरोप, मग "मीटिंग आहे बाबा, आले हं." चॅटलाही मी त्यांच्यापुढे मीटिंगच म्हणायचे. मग दुसरा निरोप. उत्तर चार मिनिटांत गेलं की मला बरं वाटायचं, काय सांगू! जिंकल्यासारखं वाटायचं. आतल्या खोलीत बाबा चमच्यानं पलंगाच्या लोखंडावर ठकठक करायचे. मी टाइप करता करता तिथूनच म्हणायचे, थांबा, मीटिंग. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी ठकठक बंद केली. मला वाटलं, चला, माणूस रुळला.

शुक्रवारचे आकडे मात्र फर्मास. तक्रारी सरासरीच्या वर. तारखा वेळेआधी. चाचणी पास व्हायलाच हवी, नाहीतर बाबांना वेळ कुठून मिळणार, म्हणून त्या सहा आठवड्यांत मी बाबांना वेळ दिला नाही. लिहितानाही लाज वाटते, पण असंच झालं. मनात सारखं हेच, एकदा कायमचं होऊ दे, मग निवांत बसू.

सहाव्या आठवड्यात गुरुवारी मॅनेजरबरोबर बसले. त्यानं पडद्यावर माझे आकडे उघडले, एकेक बघितला. "उत्तम. माझ्याकडून पुढे चालू राहू दे. दर तिमाहीला बघत जाऊ. मी लेखी पाठवतो." मग मीच, कौतुक ऐकायच्या हावरटपणानं, विचारलं, "आणि सर, चॅटवरचं पाच मिनिटांचं?"

तो गोंधळला. मेल पुन्हा उघडून वाचली. "ही ओळ होती का? मी लक्षच दिलं नाही. तो तुझा तास होता ना? मी तर टीमला सांगितलं होतं, अकरा ते बारा तातडीचं असेल तर फोन करा, बाकी चॅटवर टाकून ठेवा, ती बारानंतर बघेल."

सहा आठवड्यांत एकही फोन आला नव्हता. त्या तासातले सगळे निरोप टाकून ठेवलेले होते. बारानंतर बघायचे.

त्या शनिवारी बाई आल्या. अक्काही खालून कॉफी घेऊन वर आल्या होत्या. बाईंनी चित्रांचे पत्ते काढले. कपावर बाबा थांबले, ओठ जुळवले आणि म्हणाले, "काफी." मी उडालेच! अक्का हसत म्हणाल्या, "अजून घेणार का अण्णा?" आणि बाबा म्हणाले, "स्वल्प." मग मान डोलावून, अक्कांसारखंच, "सरी." म्हणजे ठीक.

बाईंना आनंद झाला. "हे कुणी शिकवलं?"

"शिकवतंय कोण?" अक्का म्हणाल्या. "मंगळवार-गुरुवार बसते मी. कॉफी देते, गप्पा मारते. मला दुसरं काम काय?"

मंगळवार आणि गुरुवार. मी घरात नसायचे ते दोन दिवस. माझे तीन होते, तेही रोज अकरा ते बारा, मागून घेतलेले.

मग बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "आता सांगा, ही कोण?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. कपाळावर तीच शीर उठली. मला माझं नाव ऐकायचं होतं, ते लहानपणीचं, भोंग्यावरून पुकारल्यासारखं. आणि ते स्वच्छ, खणखणीत म्हणाले, "मीटिंग."

अक्का खो खो हसल्या. बाईसुद्धा हसल्या, म्हणाल्या, तीन अक्षरी शब्द, छानच की. मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले.

मॅनेजरला मी सोमवारी सगळं सांगितलं आणि चौथी ओळ काढून टाकायला लावली. तो फक्त एवढंच म्हणाला, "आधी का नाही सांगितलंस?" आता अकरा वाजले की फोन तांदळाच्या डब्यात जातो. मी समोर बसते, कप दाखवते, थांबते. बाईंनी खोटी आशा लावली नाही. ते महिने गेले ते गेले, म्हणाल्या. वर्ष उलटून गेलंय. बाबांना पाणी म्हणता येतं, भात म्हणता येतं, वर्धा म्हणता येतं. माझं नाव अजून येत नाही. काही हवं असलं की ते आतल्या खोलीतून मला "मीटिंग" अशी हाक मारतात, आणि मी ओ देते.