हात भाजला, काय करू?

वहिनी एका हॉस्पिटलच्या वेबसाइटसाठी प्रश्नोत्तरं लिहिते. लोक फोनला बोलून विचारतात, फोन तिची उत्तरं वाचून दाखवतो. उत्तर वेबसाइटवर टाकण्याआधी ती ते स्वयंपाकघरात आईला ऐकवते.

"दग्ध भागाचे शीतलीकरण करावे" ऐकून आई कडाडली, "भाजलेला माणूस एवढं ऐकत बसेल? नळाखाली हात धर म्हणावं!"

वहिनीने ते खोडून आईचंच वाक्य लिहिलं.

परवा आईचाच हात कढईला लागला. घाबरून ती फोनसमोर ओरडली, "हात भाजला, काय करू?"

"नळाखाली हात धरा. वीस मिनिटं साधं पाणी सोडा. बर्फ लावू नका."

आम्ही धावत आलो, तर आई नळाखाली हात धरून फोनकडे भारावून बघत होती.

"डॉक्टर किती सोपं बोलतात, बघ!"

वहिनीने आईचा हात नळाखाली तसाच धरून ठेवला.

"आई, डॉक्टरांनी माझं उत्तर फक्त तपासलं. बोललात तुम्हीच."