अंतिम ऋणदाता आणि आईच्या बांगड्या

देशातल्या प्रत्येक बँकेच्या मागे मध्यवर्ती बँक अंतिम ऋणदाता म्हणून ठामपणे उभी असते. बोईसरच्या कॉलेजात हे वाक्य मी इतकी वर्षं फळ्यावर लिहिलं आहे, की खडू आपोआप चालतो.

त्या जुलैत पुनर्परीक्षेआधी जुन्या प्रश्नपत्रिकेची चर्चा चालू होती. मी सांगत होतो, की बँक मुळात सुदृढ असेल आणि फक्त रोकड कमी पडली असेल, तर तिला चांगल्या तारणावर, चढ्या दराने कर्ज द्यावं. बुडणाऱ्या प्रत्येकीला वाचवलं, तर बाकीच्याही बिनधास्त कर्जं वाटतील. हाच नैतिक धोका. त्यासाठी दोन गुण राखलेले असतात.

चिंचणीची एक मुलगी पहिल्या बाकावर बसायची. तिच्या आईचे पैसे एका सहकारी बँकेत होते आणि जूनमध्ये त्या बँकेवर निर्बंध आले होते. काढणं बंद. ऑगस्टपासून मासेमारी सुरू होणार होती आणि घरच्या होडीचं इंजिन दुरुस्तीला टाकलेलं होतं.

"सर, आमची बँक कुठल्या प्रकारातली? रोकड नसलेली का बुडालेली?"

मी म्हणालो, की ते हिशेब तपासल्यावर कळेल.

"आणि तोवर?"

विम्याबद्दल सांगितलं. पाच लाखांपर्यंतची ठेव सुरक्षित असते, निर्बंध लागल्यापासून नव्वद दिवसांत मिळते. तिने बोटांवर सप्टेंबरपर्यंतचे महिने मोजले.

आदर्श उत्तरात शेवटचा मुद्दा होता: ठेवीदारांनी बँक निवडताना सावध राहावे. तो वाचल्यावर ती म्हणाली, आईने ती बँक निवडली, कारण मासळीच्या पाट्या घेऊन आत गेलं तरी तिथे कोणी नाक मुरडत नव्हतं.

"ताळेबंद वाचायचा होता ना," मागून कुंभवलीचा एक जण म्हणाला. त्याचे वडील केमिकल कंपनीत होते. "कंपनीत गॅस सुटला तर भोंगा तरी वाजतो."

वर्ग हसला. तीही हसली.

"सर, आई बुडालेली नाय," ती म्हणाली. "तिचे पैसे आहेत, फक्त हातात नायत. तिला कोण देणार?"

पुस्तकात ऋणदाता फक्त बँकांना असतो. मी म्हणालो, हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे. ते खरं होतं. तिने मान हलवली आणि सावध ठेवीदारांचा मुद्दा वहीत उतरवून घेतला.

पुढच्या आठवड्यात तिच्या आईने बांगड्या सराफाकडे गहाण ठेवल्या. इंजिन आलं, होडी वेळेवर समुद्रात गेली. विम्याचे पैसे कायद्याप्रमाणे मुदतीत, सप्टेंबरात मिळाले. त्यांतून बांगड्या सोडवल्या. सराफाचं व्याज ठेवीच्या व्याजापेक्षा कितीतरी जास्त होतं. मुलगी पास झाली.

सराफाचं दुकान रविवारीही उघडं असतं.